वीज पडली, नेट परत आलं, पण पोर्ट अर्धा मेला होता

मुंबईत जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गडगडाट त्यामानाने कमी असतो. विजांचा खरा जोर असतो तो जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. भांडुपला आमच्या बिल्डिंगजवळ वीज पडली तीही ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी. दिवे क्षणभर मंदावले, पुन्हा नीट झाले, आणि नेट गेलं.

आमच्याकडे फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येतं. तिथून बाहेरच्या भिंतीवरून साधी तांब्याची लॅन केबल तिसऱ्या मजल्यावर, आमच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये. राउटरपासून दुसरी केबल आतल्या खोलीतल्या पीसीला, कारण मी एडिटिंग करते आणि मोठ्या फाइल वाय-फायवरून पाठवणं मला परवडत नाही. ही मांडणी सांगितली कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही. पण गच्चीवरून खाली येणारी तांब्याची तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका स्वतःत ओढून घेते, तार थेट विजेच्या वाटेत नसली तरी. पोर्टच्या आतले छोटे ट्रान्सफॉर्मर साधारण १५०० व्होल्टपर्यंत अडवतील अशा बेताने केलेले असतात. विजेचा झटका त्याहून कितीतरी मोठा असू शकतो.

राउटर वरवर जिवंत दिसत होता. पॉवरचा दिवा चालू, मोबाइलवर वाय-फायचं नाव दिसतंय, ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं तर सेटिंगचं पानही उघडतंय. फक्त वॅन पोर्टचा दिवा बंद होता. ही मला सर्वात भरवशाची खूण वाटते: बाकी सगळं ठीक आणि एकाच पोर्टचा दिवा पेटत नाही. काहींच्या बाबतीत उलटं होतं, केबल काढली तरी दिवा जळतच राहतो. तोही पोर्ट गेलेलाच समजायचा. झटका प्लगातून आला असेल तर चित्र वेगळं दिसतं. अॅडॉप्टर कमजोर होतो, दिवे मिणमिणतात, राउटर सारखा बंद-चालू होतो. तेव्हा आधी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच पिनचा दुसरा अॅडॉप्टर लावून बघावा. राउटर फेकायची घाई करू नये.

केबलवाल्याचा मुलगा आला. त्याने आमची केबल राउटरमधून काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, लॉगिन टाकलं, नेट चालू. "ताई, लाइन ओके आहे. राउटर उडालाय." त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचाही राउटर तसाच गेला होता, त्यांचीही केबल त्याच पेटीतून येते. ज्यांच्याकडे थेट फायबर घरात येतं त्या दोन घरांना काही झालं नव्हतं.

मी राउटर लॅमिंग्टन रोडला नेऊन दाखवला. दुकानदाराने उघडला. पोर्टमागच्या काळ्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरला बारीक तडा होता. तो बदलता येतो, पण त्याच्यामागची चिपही बहुधा गेलेली असते, आणि आमच्या राउटरमध्ये ती मुख्य चिपच्याच पोटात होती. "ह्याच्यावर पैसे घालू नका," असं त्यानेच सांगितलं. मी नवीन घेतला. बरेचदा बाहेरून काहीच दिसत नाही. जळका वास किंवा काळा डाग नाही म्हणून पोर्ट चांगला, असं धरू नये.

नेट आलं. मुलाने विचारलं, "आलं ना ताई?" मोबाइलवर स्पीड १९० दाखवत होता, आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा. पण पीसीवर ९४. दुसऱ्यांदाही ९४. वीज पडायच्या आधी त्याच पीसीवर १९०च्या आसपास मिळायचं.

९४ हा आकडा ओळखीचा असावा. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात हाताला येतं ते जवळपास एवढंच, म्हणजे पीसी आणि राउटर यांची जोडणी हजारवरून शंभरवर उतरली होती. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून खात्री करता येते:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

माझ्याकडे १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसलं. याचं कारण केबलमध्येच आहे. आत आठ तारा, चार जोड्या. शंभरच्या वेगाला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. हजारच्या वेगाला निळी आणि तपकिरीही लागते. झटक्याने पोर्टमधली एखादी जास्तीची जोडी गेली तर बऱ्याच चिप गुपचूप शंभरवर उतरतात. ज्या उतरत नाहीत त्यांचा दिवा दर काही सेकंदांनी लागतो आणि विझतो. पहिल्या प्रकारात नेट चालू असतं, त्यामुळे बिघाड महिनोन् महिने लक्षातच येत नाही, आणि लोक नेटवाल्याशी भांडत बसतात.

पण १०० दिसलं की पोर्टच गेला, असंही नाही. केबलचा कनेक्टर ढिला असला, किंवा बसवणाऱ्याने आठऐवजी चारच तारा जोडल्या असल्या (आपल्याकडे सर्रास होतं), तरी हेच दिसतं. स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच शंभरचे असतात. म्हणून मी एका वेळी एकच गोष्ट बदलली. तीच केबल, राउटरचा तोच पोर्ट, फक्त पीसीच्या जागी भावाचा लॅपटॉप: १ जीबीपीएस. म्हणजे केबल आणि राउटर सुटले. मग पीसी राउटरच्या दुसऱ्या पोर्टला: पुन्हा १००. शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, तरी १००, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हरही दोषी नाही. झटका जुन्या राउटरमधून पुढे जाऊन पीसीच्या मदरबोर्डवरच्या पोर्टपर्यंत पोचला होता.

त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नव्हती. गिगाबिटचं यूएसबी ३.० लॅन अॅडॉप्टर मिळतं, ते लावलं आणि बायॉसमध्ये मूळ पोर्ट बंद केला. अर्धमेला पोर्ट वापरत राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो पुढे मध्येच तुटायला लागतो आणि तेव्हा कारण शोधणं आणखी कठीण जातं.

गच्चीतून येणारी केबल काढून थेट फायबर घरात आणायला मी केबलवाल्याला सांगितलं, आणि काकांनीही. स्पाइक गार्डचा बोर्ड होता आमच्याकडे आधीपासून, पण तो फक्त प्लगातून येणारा झटका अडवतो, लॅन केबलमधून येणारा नाही. लॅनसाठी वेगळे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, मात्र ते झटका अर्थिंगमध्ये सोडतात. सॉकेटच्या तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग नसेल, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये अनेकदा नसतं, तर त्यांचा उपयोग नाही. आमचं इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं.

पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं दामिनी अॅप आता फोनवर आहे. २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा ते देतं. इशारा आला की मी राउटरचा अॅडॉप्टर आणि पीसीची लॅन केबल दोन्ही काढते, आणि ते वीज लांब असतानाच. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर त्या तारांना हात लावत नाही.