बँडचं सूत्र: तुम्ही विचारलंत म्हणून

‘सर, एकदाच सूत्र सांगून टाका ना. कितव्या पिढीत किती हायब्रिड, किती लाइट?’

प्रश्न मेसेल्सन आणि स्टाल यांच्या प्रयोगाचा, डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणाऱ्या. सूत्र आहे. जड नायट्रोजनमध्ये वाढवलेले जिवाणू हलक्यात आणले की डीएनएच्या एका मूळ रेणूपासून n पिढ्यांनी 2ⁿ रेणू होतात. त्यातले दोन हायब्रिड, म्हणजे एक धागा जड आणि एक हलका; बाकीचे सगळे हलके. वीस मिनिटांची पिढी धरली तर ऐंशी मिनिटांत चार पिढ्या, सोळा रेणू, २ हायब्रिड आणि १४ हलके, म्हणजे १:७. घ्या, लिहून घ्या.

आता हेच सूत्र वापरून एक गणित सोडवा. जिवाणू जड माध्यमात पूर्ण वाढलेले आहेत. त्यांना दोन पिढ्या हलक्यात ठेवलं आणि मग एक पिढी परत जडात. डीएनए घनतेप्रमाणे वेगळा करणाऱ्या ट्यूबमध्ये कोणते बँड दिसतील?

वर्गात बहुतेक वह्यांवर एकच उत्तर असतं: तीन पिढ्या, आठ रेणू, २ हायब्रिड, ६ हलके, १:३. गंमत अशी की १:३ बरोबर आहे आणि उत्तर साफ चूक आहे. पर्यायांत नुसतं १:३ असेल तर मार्कही मिळून जातील, आणि खरी पंचाईत तीच आहे. सूत्र फळ्यावर लिहून देणारा मीच, तेव्हा पोरांना एकट्यांना दोष देत नाही. पण आता सूत्राआधी धागे मोजायला लावतो.

मोजायचं ते असं. जुना धागा कधी बदलत नाही. नवा धागा त्या वेळच्या माध्यमातलाच नायट्रोजन घेतो. बस, एवढंच. एक जड रेणू म्हणजे दोन जड धागे. हलक्यात पहिल्या पिढीला त्या दोघांना दोन हलके जोडीदार मिळाले, म्हणजे दोन हायब्रिड रेणू. दुसऱ्या पिढीला धागे चार, त्यांतले दोन जड आणि दोन हलके. नवे चारही हलके. झाले २ हायब्रिड आणि २ हलके. इथपर्यंत सूत्र चाललं.

आता जडात आणलं. आपल्याकडे आठ धागे आहेत, २ जड आणि ६ हलके. या वेळी नवे आठही जड. दोन जड धाग्यांना जड जोडीदार मिळून २ पूर्ण जड रेणू झाले, सहा हलक्यांना जड जोडीदार मिळून ६ हायब्रिड. ट्यूबमध्ये हलका बँड नाहीच! वह्यांवर ‘सहा हलके’ लिहिलेलं असतं, त्याच्या जागी ट्यूब रिकामी असते.

चित्र काढतानाही एक हमखास घोटाळा होतो. जास्त डीएनए म्हणून हायब्रिडचा बँड खाली सरकवतात. सीझियम क्लोराइडच्या द्रावात बँड कुठे थांबेल हे फक्त घनतेवर ठरतं. प्रमाणाने तो जाड होईल, खाली जाणार नाही. मेसेल्सन आणि स्टाल यांनी मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी वीस तास फिरवलं, ते डीएनए तळाशी बसवायला नव्हे. तेवढ्या वेळात मिठाचाच वरून खाली दाट होत जाणारा उतार तयार होतो आणि प्रत्येक रेणू आपल्या घनतेच्या पातळीवर जाऊन स्थिरावतो. ई. कोलायचा हलका डीएनए साधारण १.७१०, जड १.७२४, हायब्रिड बरोबर मध्ये १.७१७. सगळा खेळ ०.०१४ चा.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘पहिल्या पिढीलाच मधला एक बँड आला, मग तिथेच सेमीकन्झर्व्हेटिव्ह सिद्ध झालं ना?’ नाही झालं. डीएनएची नक्कल कशी होते याची मतं तीन: सेमीकन्झर्व्हेटिव्ह, कन्झर्व्हेटिव्ह आणि डिस्पर्सिव्ह. तिथे फक्त कन्झर्व्हेटिव्ह बाद होतं, कारण त्यात जुना रेणू अखंड राहिला असता आणि जड व हलका असे दोन बँड दिसले असते. डिस्पर्सिव्हही पहिल्या पिढीला मधला एकच बँड देतं.

फरक कळायला आपल्याकडच्या यंत्रमागांवरचं दोन पदरी सूत डोळ्यांसमोर आणा. सेमीकन्झर्व्हेटिव्ह म्हणजे एक पदर जुना, एक नवा. डिस्पर्सिव्ह म्हणजे जुन्या-नव्या सुताचे तुकडे गाठी मारून केलेले दोन पदर. तराजूवर दोन्ही सुतं सारखीच भरतात. वरच्या गणितात मात्र तिन्ही मतं तीन वेगळ्या ट्यूब देतात. सेमीकन्झर्व्हेटिव्हने २ जड, ६ हायब्रिड. कन्झर्व्हेटिव्हने जुना १ जड, ३ हलके तसेच, त्यात नवे ४ जड, म्हणजे ५ जड आणि ३ हलके, मध्ये काहीच नाही. डिस्पर्सिव्हने दोन पिढ्यांनंतर प्रत्येक रेणूत पाव भाग जड. जडात आल्यावर त्यात निम्मा नवा जड, म्हणून सगळे रेणू पाच अष्टमांश जड. एकच बँड, १.७१९ च्या आसपास, हायब्रिडच्या जरासा खाली.

मूळ प्रयोगात निकाल दुसऱ्या पिढीत लागला. डिस्पर्सिव्ह खरं असतं तर एकच बँड वर सरकला असता. प्रत्यक्षात हायब्रिड जागेवर राहिला आणि हलका वेगळा उमटला. शिवाय त्यांनी हायब्रिड डीएनए १००° सेल्सिअसला तापवून पदरच सोडवले. एका बँडचे दोन झाले: एक जड धाग्यांचा, एक हलक्यांचा. गाठी मारलेल्या पदरांचा एकच बँड राहिला असता.

या तापवण्यात एक खड्डा आहे. सुटा धागा दुपदरी डीएनएपेक्षा अंदाजे ०.०१५ ने दाट असतो. म्हणजे तापवलेला हलका धागा १.७२५ च्या आसपास येतो, जिथे न तापवलेला जड डीएनए असतो, जवळजवळ तिथेच. म्हणून तापवलेल्या नमुन्याची तुलना तापवलेल्या हलक्या आणि तापवलेल्या जड नमुन्याशीच करायची. नाहीतर हलक्या धाग्यालाच जड म्हणून बसाल.

आणि दहा मिनिटांचं विचारणारे असतातच. अर्धी पिढी, म्हणून अर्धा जड अर्धा हायब्रिड? सगळे जिवाणू एकाच क्षणी डीएनएची नक्कल करत नाहीत, वाढ चक्रवाढीने होते. अर्ध्या पिढीत एकूण डीएनए १.४१ पट. म्हणजे मूळ डीएनएपैकी ०.४१ भागाची नक्कल झाली आणि त्याचे दुप्पट, ०.८३ हायब्रिड झाले; न शिवलेला जड ०.५९ उरला. टक्क्यांत हायब्रिड ५९, जड ४१. तुमच्या गाइडमध्ये ५०-५० छापलं असेल, तर परीक्षेत काय लिहायचं हे मला विचारू नका. मी ५९ च शिकवणार.