४४४ मिलिव्होल्ट आणि सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (Ksp) काढायचा होता, तोही सेलचं पोटेन्शियल मोजून. नर्न्स्टचं समीकरण मी तोवर फक्त गणितांपुरतं वापरलं होतं. या प्रयोगात त्याचा खरा उपयोग कळला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मांडणी साधी असते. दोन बीकर, दोन्हींत चांदीची तार. उजवीकडे ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट. डावीकडे ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. थेंब पडताच पांढरा साका धरतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा, म्हणजे डावीकडचं द्रावण आता त्याने संपृक्त झालं. तिथे चांदीचे आयन अगदी नगण्य उरतात, इतके की साध्या टायट्रेशनने सापडणार नाहीत. तारा आधी बारीक पॉलिश पेपरने घासून विरल नायट्रिक आम्लात बुडवून धुतल्या, नाहीतर मीटरचा आकडा सरकत राहतो.

सॉल्ट ब्रिजसाठी नेहमीची पोटॅशियम क्लोराइडची नळी उचलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "ती नको, नायट्रेटवाली घे. क्लोराइड उजवीकडे झिरपलं तर तिथेही साका होईल आणि तुझं ०.१ मोलर ०.१ राहणार नाही." ब्रिजच्या टोकाशी पांढरट ढग दिसला की समजायचं, नळी चुकली. म्हणून अगारमध्ये पोटॅशियम नायट्रेट भरलेली नळी लावली. मोजायला पीएच मीटरच मिलिव्होल्टवर ठेवून वापरला. जुना काट्याचा व्होल्टमीटर सेलमधून विद्युतधारा ओढतो, त्यामुळे आकडा कमी दाखवतो.

पाण्याच्या टबात तापमान २५ अंशांवर धरलं. आकडा स्थिरावला ४४४ मिलिव्होल्टवर.

दोन्हीकडे धातू तोच, आयन तोच, त्यामुळे या सेलचं प्रमाण पोटेन्शियल शून्य आहे. म्हणजे हे ४४४ मिलिव्होल्ट पूर्णपणे लॉगच्या पदातून आलेले:

```
E = 0.0592 log([Ag+]उजवे / [Ag+]डावे)
```

०.४४४ भागिले ०.०५९२ म्हणजे ७.५. दोन्हीकडच्या संहतींत साधारण ३.२ कोटी पटींचा फरक! म्हणून डावीकडे चांदीचे आयन 3.2 × 10⁻⁹ मोलर. त्याला तिथल्या क्लोराइडच्या ०.१ ने गुणलं की विद्राव्यता गुणाकार येतो 3.2 × 10⁻¹⁰.

पुस्तकातला आकडा 1.8 × 10⁻¹⁰. तो दुसऱ्या वाटेनेही पडताळता येतो. Ag⁺/Ag चं प्रमाण पोटेन्शियल ०.८००, AgCl/Ag चं ०.२२२. सिल्व्हर क्लोराइड विरघळण्याच्या अभिक्रियेसाठी E° येतं –०.५७८ व्होल्ट. समतोलाला E शून्य होतं आणि Q च्या जागी K येतो, म्हणून log K = –०.५७८ / ०.०५९२ = –९.७६, आणि K सुमारे 1.7 × 10⁻¹⁰. पुस्तकाशी जुळतंच. मग माझं उत्तर जवळजवळ दुप्पट का?

पहिला संशय मीटरवर जातो. पण एक मिलिव्होल्ट चुकला तर उत्तर जेमतेम ४ टक्क्यांनी हलतं. दुपटीच्या आसपासचा फरक पडायला पंधरा मिलिव्होल्टची चूक हवी, आणि तार बदलूनही आकडा तेवढा हलत नव्हता. कारण समीकरणात होतं. लॉगच्या आत खरं तर संहती नसते, सक्रियता असते. ०.१ मोलर द्रावणात आयन एकमेकांच्या विद्युत प्रभावाखाली असतात. सिल्व्हर नायट्रेटचा सक्रियता गुणांक तिथे सुमारे ०.७३, पोटॅशियम क्लोराइडचा ०.७७. उजवीकडची चांदी आणि डावीकडचं क्लोराइड, दोन्ही या प्रमाणात कमी धरायचे. 3.2 × 10⁻¹⁰ गुणिले ०.७३ गुणिले ०.७७ केलं की 1.8 × 10⁻¹⁰!

नुसतं गुणांक लावून उत्तर जुळवणं मला पटेना. कारण हेच असेल तर द्रावणं पातळ केल्यावर दुरुस्ती न करताही उत्तर खऱ्या आकड्याकडे सरकायला हवं. सरांना विचारून दोन्ही द्रावणं ०.०१ मोलर केली. मीटरवर ३३५ मिलिव्होल्ट आले. जुन्याच पद्धतीने, सक्रियतेचा विचार न करता, विद्राव्यता गुणाकार निघाला 2.2 × 10⁻¹⁰. त्या संहतीला गुणांक ०.९० च्या आसपास असतो. दोन्हीकडे तो लावला की पुन्हा 1.8 × 10⁻¹⁰.