घातलेली नथ आणि चिकटवलेली नथ

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बाजूला आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत एक दादा आले, आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून मोठी फ्रेम करायची होती. आईचा चांगला असा एकच फोटो, तोही मिरजेला ऑपरेशन झाल्यानंतरचा, त्यामुळं अंगावर दागिना नाही. दुसऱ्या स्टुडिओत फोटोवर नथ, टिकली, कुडी लावून घेतलेली पण "कायतरी खटकतंय बघा, काय ते कळंना" म्हणाले.

मी आधी डोळे झूम केले. बाहुलीत खिडकीचा पांढरा ठिपका वर डावीकडं, म्हणजे उजेड आपल्या डाव्या हातानं येतोय. आणि नथीची सावली पडलेली डावीकडंच, खिडकीच्या दिशेनं! त्यात ती कुळकुळीत काळी. टिकलीलापण खाली सावली दिलेली, त्यामुळं ती कपाळापासून सुटून हवेत तरंगत होती. टिकली कातडीला चिकटून असते ओ, तिला कसली सावली.

टिकलीची सावली पुसली, चेहरा तीसेक अंश वळलेला म्हणून टिकलीची रुंदी ८७ टक्क्यांवर आणली, उंची तशीच ठेवली, आणि भुवयांच्या मधोमध बसवली. चेहरा वळला की हा मध्य फोटोच्या मध्याला नसतो, नाकाच्या दांड्यावरून वर जाऊन शोधायचा.

खरी मजा नथीत. दादांनी पाठवलेला नथीचा फोटो फ्लॅशवर काढलेला, प्रत्येक मोत्याची चमक बरोब्बर मधे. म्हटलं खरी नथच घेऊन या. दोऱ्यानं टांगली, लाईट डावीकडून वर लावला आणि चेहऱ्याच्या अँगलनं फोटो काढला. आता चमक आपोआप वर डावीकडं आली.

नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे फोटोत बघताना उजवीकडं, आणि तिथं नाकाची स्वतःचीच सावली पडलेली. ज्या जागेला खिडकीचा उजेडच पोचत नाही तिथं नथीची दुसरी सावली कुठनं येणार? म्हणून नाकालगतचे मोती थोडे काळवंडवले, बाहेर आलेले तेवढे चमकते ठेवले, आणि सावली फक्त पुढं गालावर नि ओठाच्या कोपऱ्यावर दिली. रंग आयड्रॉपरनं नाकाखालच्या सावलीतनंच उचलला, तपकिरी लालसर, लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालची कातडी दिसत राहते, नुसती गडद होते. नथ कातडीला टेकते तिथं सावलीची कड जरा धारदार आणि जसं लांब जाईल तसा ब्लर वाढवला. शेवटी फोटोत होते तेवढेच ग्रेनचे बारीक ठिपके नथीवर टाकले, नाहीतर जुन्या मोबाईलच्या फोटोत नथ एकटीच लख्ख दिसते.

जवळच्या कानाला कुडी लावली. दादा बघून खूश, मग म्हणाले, "दुसऱ्या कानातली?" म्हटलं तो कान गालामागं गेलाय, दिसतच नाही. "तरीपण जरा दिसू दे की, जोडीचे पैसे दिलेत." शेवटी वहिनींनीच त्यांना गप्प केलं.