y = 1/x ताणला आणि सरकवला: अनंतस्पर्शी रेषा वाचण्याचा सराव

आलेखांच्या वहीत बहुपदी संपवून मी आता परिमेय फलांकडे वळलो आहे. ज्याच्या छेदात चल येते असे सर्वांत साधे परिमेय फल म्हणजे y = 1/x, आणि दोन्ही अक्ष याच्या अनंतस्पर्शी रेषा आहेत. हा आलेख a पट ताणून h एकके उजवीकडे आणि k एकके वर सरकवला, की y = a/(x − h) + k मिळते. त्याच्या अनंतस्पर्शी रेषा x = h आणि y = k अशा असतात, म्हणजेच a चा त्यांच्या जागेशी काही संबंध राहत नाही, कारण शून्याकडे जाणारी किंमत कितीही पट केली तरी ती शून्याकडेच जाते. मात्र आधी सरकवून मग उभे ताणल्यास k सुद्धा ताणला जातो, हे ध्यानात ठेवावे: 5(1/(x + 1) + 2) या फलाची आडवी अनंतस्पर्शी रेषा y = 10 ही आहे.

या वेळी मी y = (2x + 52)/(x + 1) हे उदाहरण मुद्दाम घेतले. भागाकार केल्यावर y = 2 + 50/(x + 1) मिळते, म्हणून रेषा x = −1 आणि y = 2 या आहेत. परंतु दोन्ही अक्षांवर −10 ते 10 एवढाच भाग दाखवणाऱ्या पडद्यावर उजवी शाखा कडेला पोहोचते तेव्हा y सुमारे 6.5 असतो आणि डावी शाखा कडेला −3.6 च्या आसपास असते, त्यामुळे y = 2 ही रेषा नजरेला कुठेच जाणवत नाही. a मुळे रेषा हलत नाही हे खरे, पण वक्र तिच्याजवळ किती उशिरा येतो हे a च ठरवतो. y = 1/x मध्ये रेषेपासूनचे अंतर 0.01 होण्यास x = 100 पुरतो; येथे मात्र x = 4999 पर्यंत जावे लागते.

सूत्र हाताशी नसून केवळ आलेख असेल, तर अंदाज बांधण्यापेक्षा (x − h)(y − k) हा गुणाकार सर्वत्र a एवढाच राहतो या गुणधर्माचा आधार घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. उभी रेषा x = −1 सहज दिसते; वक्रावरचे (9, 7) आणि (19, 4.5) हे दोन बिंदू वाचले, तर 10(7 − k) = 20(4.5 − k), म्हणजे 70 − 10k = 90 − 20k, आणि यावरून k = 2, तर a = 50.

छेदात x चा सहगुणक 1 नसेल, तर तो आधी बाहेर काढावा: 1/(2x − 6) ची उभी रेषा x = 6 नसून x = 3 आहे, आणि 2 ने केलेले आडवे आकुंचन येथे a = 1/2 म्हणूनच दिसते. भागाकारात बाकी शून्य आली, जसे (2x + 2)/(x + 1) मध्ये येते, तर वक्रच उरत नाही; y = 2 ही सरळ रेषा आणि तिच्यावर x = −1 पाशी एक गाळलेला बिंदू एवढेच राहते.