हृषीकेश कुठं बसतो? वहीतली तिसरी नोंद

मंडळी, गीतेचे पहिले तीन अध्याय संपले. वहीत डावीकडे कृष्णार्जुनांची नावं, उजवीकडे त्यांची चरणातली जागा.

अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा. पहिली चार बरीचशी मोकळी, खरी शिस्त पुढं. पाचवं लघु, सहावं गुरु. सातवं विषम चरणात गुरु, सम चरणात लघु. आठवं कसंही चालतं. (विषम चरणात 'विपुला' नावाच्या सवलती आहेत, त्या वेगळ्या रंगात लिहितोय.)

'हृषीकेश'ची पहिली तीन अक्षरं लघु-गुरु-गुरु, 'जनार्दन'ची लघु-गुरु-लघु. त्यामुळं चरणाच्या शेवटी यायचं तर पहिला विषमात बसतो: 'तमुवाच हृषीकेशः'. दुसरा समात: 'मता बुद्धिर्जनार्दन'. अर्जुनाचीही अशीच जोडी, गुडाकेश आणि धनंजय.

अंबाजोगाईच्या मावशीला गीता तोंडपाठ आहे. तिला न सांगता नावं अदलाबदल करून म्हणून दाखवली: 'तमुवाच जनार्दनः'. ती थांबली. "काहीतरी खुपतंय बघ." माणूस तोच, अर्थ तोच, तरी कान अडला. लघु-गुरु तिनं कधी मोजलेले नाहीत.

या आनंदात मी 'प्रत्येक नावाची एकच जागा' असं लिहून टाकलं आणि तोंडघशी पडलो. पहिल्याच अध्यायात 'हृषीकेशं तदा वाक्यम्' आहे, म्हणजे तेच नाव चरणाच्या आरंभी! आरंभी जागा मोकळी असते, हे मीच वर लिहिलेलं. आता फक्त चरणाच्या शेवटची नावं मोजतो. आणि छंदात बसतं म्हणून नाव निरर्थक, असंही नाही. बसणाऱ्या नावांतून अर्थ निवडायला वाव राहतोच.

खरी गंमत जोडणीत सापडली. 'एवमुक्त्वा' ही चार अक्षरं, 'हृषीकेशं' ही चार. दोन तयार विटा ठेवल्या की चरण पुरा! 'एवमुक्तो हृषीकेशो' हीसुद्धा त्याच साच्यातली. तोंडानं कथा सांगणाऱ्याला पुढच्या चरणाचा विचार करायला तेवढी उसंत मिळत असणार.

हे 'एवमुक्त्वा' म्हणजे प्रसंगाचा सांधाही आहे. बोलणं संपलं, आता कृती, असा इशारा ऐकणाऱ्याला मिळतो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी 'एवमुक्त्वार्जुनः संख्ये', आणि अर्जुन रथात मटकन बसतो. दुसऱ्यात 'एवमुक्त्वा हृषीकेशं', आणि 'लढणार नाही' म्हणून तो गप्प होतो. पुढं डोकावलो तर अकराव्यात 'एवमुक्त्वा ततो राजन्', आणि हरी विश्वरूप दाखवतो. तिन्ही वेळा बोलणारा संजय, ऐकणारा धृतराष्ट्र. त्याला दिसत नाही, म्हणून कुणाचं बोलणं कुठं संपलं हे शब्दांतच सांगावं लागतं.

अकराव्यात पुढं अकरा अक्षरी त्रिष्टुभ आहे. तिथं माझा आठ घरांचा तक्ता चालणार नाही, नवी पानं आखायला घेतलीत.