साहेबांचा ‘मी’

साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या सहीने जी पत्रे बाहेर पडतात, त्यांतली बरीचशी त्यांनी लिहिलेली नसतात, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही सभासदाला सांगावे लागत नाही. तरीही पत्र हातात पडल्यावर तोच सभासद ‘साहेबांनी लिहिलंय’ असेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे चुकीचेही नसते. स्वीय सहायकाची नोकरी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालते. ताराबाई पार्कातल्या आमच्या शहर कार्यालयात बसून मी वर्षानुवर्षे ‘मी’ असे लिहीत आले आहे, आणि त्या ‘मी’मध्ये मी स्वतः कुठेही नसते.

आवाज उचलणे हा या कामाचा सोपा भाग आहे, असे म्हटले तर नव्याने लागलेल्या मुलामुलींना ते पटत नाही. साहेबांच्या जुन्या पत्रांच्या कार्यालयीन प्रती एका फाइलीत लावून सलग वाचल्या, तर आठवड्याभरात माणूस सापडतो. आमचे साहेब ‘खेद’ हा शब्द कधी वापरत नाहीत. शेतकऱ्याला लिहिताना ते पहिल्याच वाक्यात मुद्द्यावर येतात, वाक्ये आखूड ठेवतात, आणि शेवटाकडे शेतीची एखादी ओळ आल्याशिवाय त्यांना पत्र पुरे झाल्यासारखे वाटत नाही. हे सगळे मला लिहिता येते, इतके की चेअरमन साहेबांनाही फरक कळत नाही. अडचण तिथूनच सुरू होते, कारण आवाज हुबेहूब जमला की त्या आवाजात काहीही बोलता येते.

मागच्या एका हंगामातले करवीर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र घेऊ. ऊस तुटून गेल्याला बावीस दिवस झाले होते आणि बिल जमा झालेले नव्हते. पत्र अत्यंत सभ्य होते, अक्षर फळ्यावर असावे तसे, आणि त्यात तीन प्रश्न होते. बिल कधी मिळेल? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत रास्त दर द्यायचा असतो आणि उशीर झाल्यास द. सा. द. शे. १५ टक्के व्याज द्यायचे असते, ते व्याज कारखाना देणार का? आणि उरलेल्या वीस गुंठ्यांतल्या खोडव्याला तुरे आले आहेत, त्याची तोड कधी? साहेबांनी समासात पेन्सिलीने शेरा मारला होता : ‘नीट उत्तर द्या. पुढच्या आठवड्यात होईल म्हणून कळवा.’

शेरा स्पष्ट होता, आणि त्याप्रमाणे पत्र लिहून सहीला ठेवले असते तर मला कुणी दोष दिला नसता. पण समासातला शेरा ही बैठकीला निघालेल्या माणसाने जाता जाता सांगितलेली गोष्ट असते, तर पत्रातले वाक्य आवक-जावक क्रमांकासकट गावात चार जणांना दाखवले जाते. म्हणून मसुदा करायच्या आधी मी चीफ अकौंटंटना विचारले. बँकेकडून साखरेवरच्या मालतारण कर्जाची उचल अजून यायची होती, मंगळवारी येईल असा त्यांचा अंदाज होता, आणि ती आली तरी बिले नेहमीप्रमाणे पूर्ण पंधरवड्याची एकदम निघणार होती, एकेकट्याची नव्हे. म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात’ हे खरे ठरण्याजोगे होते, पण त्याला आधार फक्त एका अंदाजाचा होता.

इथे दोन चुका शक्य असतात, आणि दुसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली म्हणजे शेरा तसाच उतरवून तारीख देऊन टाकणे. दुसरी म्हणजे आपल्याला जास्त माहिती आहे म्हणून तारीख परस्पर गाळून ‘लवकरच’ असे गुळमुळीत काहीतरी घालणे. साहेबांनी सांगितलेले न सांगता वगळणे हीसुद्धा अधिकार वापरण्याचीच गोष्ट झाली, फक्त ती सभ्य दिसते. त्यामुळे मी साहेबांचे वाक्य मसुद्यात जसेच्या तसे ठेवले, त्याखाली तारीख नसलेले दुसरे वाक्य लिहिले, दोन्ही पिवळ्या रंगात केली आणि मसुद्याला चिठ्ठी लावली : ‘मालतारणाची उचल मंगळवारी अपेक्षित, खात्री नाही. कोणते वाक्य ठेवावे?’ पिवळा रंग आमच्याकडे एवढ्यासाठीच आहे. काळ्या अक्षरांत आहे ते मी तपासलेले असते. पिवळे आहे ते साहेबांनी ठरवायचे असते, आणि पिवळे शिल्लक असताना कागद सहीच्या फोल्डरमध्ये जात नाही.

व्याजाचा प्रश्न याहून अवघड होता, कारण तिथे साहेबांचेही हात पूर्ण मोकळे नव्हते. ‘व्याज देण्यात येईल’ असे एका सभासदाला लिहिले की ते त्या पंधरवड्यातल्या सगळ्यांना लिहिल्यासारखे होते, आणि एवढ्या रकमेचा निर्णय संचालक मंडळाचा असतो. ‘व्याज देता येणार नाही’ असे लिहिले तर आदेशात जे देणे सांगितले आहे ते कारखान्याच्या प्रमुखाने लेखी नाकारल्याचा कागद तयार होतो, आणि असा कागद प्रादेशिक साखर सहसंचालकांच्या कार्यालयात पोचायला वेळ लागत नाही. काहीच लिहिले नाही, तर गाळलेला प्रश्न निवृत्त शिक्षकांच्या नजरेतून सुटणार नाही हे त्यांच्या अक्षरावरूनच दिसत होते. मग मी लिहिले : ‘व्याजाबाबत आपण मांडलेला मुद्दा संचालक मंडळासमोर ठेवत आहे.’ वाक्य साहेबांच्या तोंडी शोभणारे होते. पण पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की हेही एक वचनच आहे. विषय मंडळासमोर ठेवायचा की नाही, ठेवायचा तर कधी, हे साहेबांच्या अधिकारातले आहे, माझ्या नाही, आणि हे वाक्य गेले की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढलेला असतो. तेही पिवळे झाले.

तोडीचे उत्तर त्यामानाने सरळ होते. तोडणीचा कार्यक्रम लागण-नोंदीच्या तारखेवरून शेती विभागाने लावलेला असतो, गट कार्यालयातून त्या प्लॉटची पाळी समजली, आणि ती काळ्या अक्षरांत लिहायला हरकत नव्हती. हरकत होती ती मी सहज लिहून गेलेल्या सुरुवातीला : ‘मी स्वतः शेती अधिकाऱ्यांशी बोललो.’ साहेब बोलले नव्हते, फोन मी केला होता. वाक्य किती आपुलकीचे वाटते, शेतकऱ्याला किती बरे वाटेल, आणि साहेबांना वेळ असता तर ते बोललेच असते, या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही ते वाक्य खोटे होते. तिथे ‘शेती विभागाकडून माहिती घेतली’ असे केले. दुसऱ्याच्या नावाने लिहिताना पत्रातला प्रत्येक ‘मी’ थांबून तपासावा लागतो, कारण शब्द आपण पुरवू शकतो, पण त्या माणसाने न केलेली कृती आणि त्याला न झालेली भावना पुरवू शकत नाही. ‘आपले पत्र मी काळजीपूर्वक वाचले’ हे वाक्य आमच्याकडे साहेबांनी पत्र खरोखर वाचले असेल तरच जाते. सांत्वनाच्या पत्रात तर मी साहेबांना आधी विचारते की त्या घरातल्या माणसाची एखादी आठवण आहे का. नसेल तर पत्र चार ओळींचे होते आणि तसेच जाते.

एवढी काटेकोरपणाची सवय या मातीत नवी नाही. शिवाजी महाराजांची पत्रे चिटणीस लिहीत, पण मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का उमटे, म्हणजे त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये. आमच्याकडे एवढा देखणा शिक्का नाही, पण सही एकटी वेगळ्या पानावर जाऊ द्यायची नाही, मजकुराच्या किमान दोन ओळी तिच्याबरोबर असल्याच पाहिजेत, हा नियम मी त्याच घराण्यातला मानते. ई-मेलचेही तसेच. साहेबांच्या खात्यावरून मला दोन प्रकारे मेल पाठवता येईल अशी सोय संगणक विभाग करू शकतो. `Send As` दिले तर मेल साहेबांनीच पाठवल्यासारखा दिसतो. `Send on Behalf` दिले तर साहेबांच्या वतीने मी पाठवला हे पाहणाऱ्याला कळते. मी दुसरे मागून घेतले. बैठकीची वेळ, पोच, कागदपत्रांची मागणी एवढे त्यातून जाते. संगणक विभागातल्या मुलाला वाटले की मला पहिल्याची माहितीच नाही, म्हणून त्याने ते मला दोनदा समजावून सांगितले. साहेब परगावी असताना तातडीच्या कागदावर ‘कार्यकारी संचालक करिता’ अशी सही होते, तीही माझी नसून मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची असते.

मसुदा संध्याकाळी साहेबांपुढे गेला. त्यांनी चिठ्ठी वाचली, बँकेत एक फोन लावला, आणि तारखेची दोन्ही वाक्ये पेनाने खोडून वर लिहिले : ‘बिल पंधरवड्याचे एकत्र निघेल. उचल आली की तिसऱ्या दिवशी आपल्या खात्यावर जमा होईल. उचल कधी येईल हे मला आज सांगता येत नाही.’ सांगता येत नाही, असे मी त्यांच्या वतीने कधीच लिहिले नसते. साहेबांना तोंडघशी पाडल्यासारखे वाटले असते. मंडळाचे वाक्य त्यांनी ठेवले, त्यात ‘येत्या बैठकीत’ हे दोन शब्द वाढवले आणि मला विषयपत्रिकेत नोंद करायला सांगितले. शेवटी तुऱ्यांबद्दल एक ओळ त्यांनी स्वतः घातली, की पाळी येईपर्यंत शेतात पाणी देत बसू नका. सुधारलेली प्रत टाइप झाली, सही झाली, आणि पेनाच्या खाडाखोडीचा मसुदा कार्यालयीन प्रतीला टाचून फाइलीत लागला. वाक्य कुणाचे, हा प्रश्न उद्या निघाला तर उत्तर त्या कागदावर आहे.

पत्र पोचल्यावर गुरुजींचा फोन आला. त्यांना व्याजाविषयी आणखी थोडे हवे होते, आणि त्यांनी ते फार अदबीने विचारले. ‘मॅडम, साहेबांचा कल काय दिसतोय? तुम्हाला ठाऊक असणार की.’ मला ठाऊक होते, निदान तसे वाटत तरी होते. ‘गुरुजी, साहेबांना जे सांगायचं होतं ते पत्रात आहे,’ मी म्हटले, ‘बैठक झाली की साहेबच कळवतील. तुमचा नंबर तेवढा लिहून घेते.’

‘बरं, घ्या लिहून,’ ते म्हणाले आणि नंबर दोनदा सांगितला.