मॅनॅकर येत असताना मधूनच का पसरायचं?

"मॅडम, सर्वात लांब पॅलिन्ड्रोम मॅनॅकरने लिनियर टाइममध्ये निघतो, मग तुम्ही अजून मधून पसरत जायची पद्धतच का शिकवता?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते, कारण दर बॅचला तेच उत्तर तुकड्या-तुकड्यात देऊन आता कंटाळा आलाय.

मला मॅनॅकर येत नाही म्हणून नाही. ग्लेन मॅनॅकरची ती 1975 ची युक्ती मला मनापासून आवडते, आणि काही वर्षांपूर्वी मीच म्हणायचे की जे लिनियर तेच शिकवा, बाकी वेळ घालवणं आहे. मग माझ्या एका विद्यार्थ्याची मुलाखत झाली. पोरगा हुशार, त्याने मॅनॅकर पाठ करून ठेवलं होतं, आणि समोरच्याने ही स्ट्रिंग दिली:

```
xabaxcxabay
```

त्याच्या कोडने `abaxcxaba` काढलं, लांबी 9, बरोबर. मग समोरचा म्हणाला, आता यातले सगळे पॅलिन्ड्रोम सबस्ट्रिंग मोज. कोड म्हणालं 19. खरं उत्तर 18. तो एक जास्तीचा कुठून आला हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि संध्याकाळी तो माझ्यासमोर कागद घेऊन बसला तेव्हा चेहरा पार उतरलेला.

आम्ही हाताने चालवून बघितलं. इंडेक्स 0 पासून. मधल्या `c` चा, म्हणजे 5 चा पॅलिन्ड्रोम 1 ते 9 पर्यंत जातो, त्याची उजवी हद्द 9. आता 8 वरचा `b` घ्या. त्याचं आरशातलं जोडीदार ठिकाण 2, आणि तिथे `xabax` आहे, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन अक्षरं. मॅनॅकरची सगळी बचत इथेच आहे, की डावीकडे जे मोजलं ते उजवीकडे फुकट मिळतं. पण ते फुकट फक्त हद्दीच्या आतलंच मिळतं! डावा `x` इंडेक्स 0 वर आहे, हद्दीच्या बाहेर, आणि त्याच्या समोर उजवीकडे `y` बसलाय. म्हणून ओळ अशी लागते, यात C म्हणजे मधलं केंद्र, R त्याची उजवी हद्द, आणि P म्हणजे त्या ठिकाणापासून दोन्हीकडे किती अक्षरं जुळतात:

```
P[i] = min(R - i, P[2*C - i])
```

इथे min(1, 2), म्हणजे 1. त्याने घाईत `min` गाळला होता, त्यामुळे कोडने `xabay` पण पॅलिन्ड्रोम धरला. तोच तो एकोणिसावा. वाईट हे की सर्वात लांब उत्तर तरीही बरोबरच आलं, त्यामुळे चूक आहे अशी शंका यायलाही जागा नव्हती. पाठ केलेल्या कोडमध्ये एक शब्द गळला की तो का होता हेच माहीत नसतं, मग शोधणार कुठे?

याच्यासमोर मी जे शिकवते ते एवढंच:

```python
def pasarva(s, l, r):
    while l >= 0 and r < len(s) and s[l] == s[r]:
        l, r = l - 1, r + 1
    return s[l+1:r]
```

प्रत्येक `i` साठी `(i, i)` आणि `(i, i+1)`, म्हणजे विषम आणि सम दोन्ही लांबी झाल्या. सगळे मोजायचे असतील तर लूपमध्ये एक काउंटर वाढवा, संपलं. डीपीचं टेबल 1000 अक्षरांना 10 लाख खणांचं होतं, इथे जास्तीची मेमरी जवळपास नाहीच. सगळी `a` असलेली 1000 ची स्ट्रिंग हा सर्वात वाईट प्रकार, तिथेही साधारण 5 लाख तुलना होतात, आणि साध्या मजकुरात बहुतेक केंद्रं पहिल्या-दुसऱ्या तुलनेतच थांबतात.

ॲनाग्रॅमचे गट करतानाही मला हेच ऐकवतात, की सॉर्ट कशाला, 26 अक्षरांचे काउंट घ्या ना. घ्या की, लांब शब्दांना ते बरंच आहे, पण पाच-सहा अक्षरी शब्दांना फरक पडत नाही, आणि काउंट नुसते चिकटवून डिक्शनरीची की बनवली तर एक `a` अकरा `b` आणि अकरा `a` एक `b` या दोघांची की `111` नेच सुरू होते, पुढे सगळी शून्यं, म्हणजे दोन्ही शब्द एकाच गटात. टपल वापरा किंवा मध्ये खूण घाला.

हां, आता तुमची बाजू. 10 लाख `a` दिले तर माझी पद्धत 50,000 कोटी तुलना करत बसेल, तिथे मॅनॅकरच लागतं, आणि कॉम्पिटिटिव्ह करणाऱ्या मुलांना मी ते उशिरा देते ही तक्रार खरीच आहे. त्या पोराला मी आरशाची पायरी आधीच हाताने करायला लावली असती तर `min` गळला नसता असंही वाटतं, म्हणजे मग लवकरच शिकवायला हवं का? माझं अजून ठरलेलं नाही. या बॅचला मात्र `xabaxcxabay` आधी वहीत सोडवायला देतेय, कोड नंतर.